ब्रँडेड शूज आणि बॅगा: ऑनलाइन घ्याव्या की रस्त्यावरच्या बाजारात?

नकली माल दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की स्टॉलवर बूट आधी हातात येतो आणि पैसे नंतर जातात. ऑनलाइन खरेदीत याच्या उलट.

बूट हातात आला की बहुतेक जण लोगो बघतात. लोगो हल्ली नकली बुटावरही सुबक उमटतो. त्यापेक्षा जीभ उलटून आतलं लेबल वाचा. नाइकीच्या लेबलवर स्टाइल कोड असतो: आधी सहा अक्षरं-आकडे, मग तीन आकडे. पहिला भाग मॉडेलचा, शेवटचे तीन आकडे रंगाचे. एअर फोर्स 1 या मॉडेलच्या पांढऱ्या जोडाचा कोड CW2288-111, तर काळ्याचा CW2288-001. समजा, तुम्ही पांढरा बूट उचललात आणि लेबलच्या शेवटी 001 दिसलं, तर तो तिथेच खाली ठेवा. एकच लेबल छापून सगळ्या रंगांना लावल्याची ही खूण आहे. मापंही जुळवून बघा. पुरुषांच्या या बुटात यूके 8 म्हणजे यूएस 9 आणि 27 सेंटिमीटर. यात एक जरी आकडा वेगळा असला तरी शंका घ्या.

मात्र कोड जुळला म्हणून बूट अस्सल ठरत नाही, कारण खरा कोड कुणीही छापू शकतो. ही चाचणी खोटं पकडते, खरं सिद्ध करत नाही.

इथेच स्टॉल कमी पडतो. तिथे बहुधा खोकं नसतं, त्यामुळे खोक्यावरचा कोड बुटाशी ताडून बघता येत नाही. बिल नाही, म्हणून परतीचा मार्गही नाही. ‘फर्स्ट कॉपी आहे’ म्हणणारा निदान नकली असल्याचं कबूल करतो. ‘एक्सपोर्टचा उरलेला माल आहे’ म्हणणाऱ्यापासून जास्त जपा, ते तपासायला तुमच्याकडे काहीच साधन नसतं.

ऑनलाइन फोटो बघून काही कळत नाही, ते बऱ्याचदा कंपनीचेच असतात. म्हणून तिथे बुटाआधी विक्रेत्याची पारख करायची. एकाच पानावर अनेक विक्रेते तोच बूट विकत असतात आणि स्टार सगळ्यांचे मिळून दिसतात, तेव्हा विक्रेत्याच्या नावावर जाऊन त्याचं वेगळं रेटिंग वाचा. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, टॅग तोडू नका आणि परतीची मुदत संपायच्या आत वरची लेबलची चाचणी करा.

बॅगेचं गणित वेगळं आहे. तिथे हाताला जे कळतं ते लेबलवरून कळत नाही. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली शिलाई दाट आणि एकसारखी हवी. पट्टा जोरात ओढल्यावर टाके उघडे पडले किंवा कोपऱ्यावर चेन अडखळली, तर ती बॅग नकोच.

म्हणून माझं मत असं: पळायला शूज हवे असतील तर ऑनलाइन घ्या, पण ब्रँडच्या अधिकृत विक्रेत्याकडून आणि परतीची सोय बघूनच. साधी बॅग हवी असेल आणि ती ब्रँडचीच असावी असा हट्ट नसेल, तर स्टॉलवर ओढून-ताणून बघून घेतलेली बरी.