आधी नलक्लाइन की थेट जेकोबियन?

निपाणीच्या भाचीचा प्रश्न: बी.एस्सी.च्या पेपरात दोन डिफरन्शियल इक्वेशनच्या जोडीचे मार्ग कसे जातात हे विचारलं, तर आधी काय करू? तिचंच गणित घेऊ: x' = y − x², y' = x − y.

मेहनत बघितली तर नलक्लाइन, म्हणजे x' किंवा y' शून्य होतो ते वक्र, स्वस्त. y = x² वर बाण उभे, y = x वर आडवे; छेद (0,0) आणि (1,1). दोन्हींमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात x', y' दोन्ही धन. कडांवरचे बाणही आतच वळतात, म्हणजे पट्ट्यात शिरलेला मार्ग (1,1) लाच जातो. एकही डेरिव्हेटिव्ह न काढता! जेकोबियन, म्हणजे आंशिक डेरिव्हेटिव्हचा मॅट्रिक्स, इतका दूरचा प्रदेश दाखवत नाही. तो सांगतो फक्त बिंदूजवळचं: (0,0) सॅडल, (1,1) स्थिर नोड.

मात्र बाण बिंदूभोवती गोल फिरत असतील, तर मार्ग आत येतो की बाहेर जातो हे नलक्लाइनवरून सहसा कळत नाही. तिथे जेकोबियनच हवा.

एकूण चित्र हवं तर नलक्लाइन आधी; बिंदूचा प्रकारच विचारला असेल, तर थेट जेकोबियन घे गं.