गड्ड्याआधी शेंगदाणा चटणी बाजारात आणायची आहे: तारीख ठरवून मागे मोजावं, की टप्पे पार करत पुढे जावं?

सोलापुरी शेंगदाणा चटणीचं नवं २०० ग्रॅमचं छापील पाऊच काढायचं आहे, पहिली खेप ३,००० पाकिटांची, म्हणजे ६०० किलो. चव ठरली आहे, टिकण्याची चाचणी झाली आहे, अन्न परवाना हातात आहे. शेवटचे सहा आठवडे उरलेत. वेळापत्रक आखायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतली कुठली घ्यायची हे माल कुठे विकणार यावर ठरतं.

पहिली पद्धत म्हणजे तारीख पक्की करून उलट मोजणी. सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा संक्रांतीच्या आगेमागे असते आणि होम मैदानावर भरणारी तिची जत्रा, म्हणजेच गड्डा, कोणासाठी थांबत नाही. समजा १० जानेवारी हा दिवस ०. मग २९ नोव्हेंबर हा दिवस ४२. दुसरी पद्धत टप्प्यांची. एक टप्पा पुराव्यानिशी पार झाला की पुढचा सुरू करायचा, आणि माल बऱ्यापैकी तयार झाल्याशिवाय तारीख कुणालाच सांगायची नाही.

| | तारीख पक्की | टप्पे पक्के |
|---|---|---|
| रोजचा प्रश्न | आज किती दिवस मागे आहोत? | या टप्प्याचा पुरावा हातात आहे का? |
| उशीर झाला तर | नग कमी करायचे | तारीख पुढे न्यायची |
| खरा धोका | घाईत खराब माल | "उद्या बघू" म्हणत महिना जाणं |
| कुणासाठी | गड्ड्यातला स्टॉल | नवी पेठेतली दुकानं, पुण्या-मुंबईची मागणी |

दोन्ही पद्धतींत सगळ्यात लांब काम एकच, ते म्हणजे पाऊचची छपाई. ग्रॅव्ह्यूर छपाईत आधी प्रत्येक रंगाचा सिलिंडर कोरतात, मग छपाई, मग थर चिकटवण्याचं लॅमिनेशन, मग चिकट पदार्थ पक्का व्हायला विश्रांती आणि शेवटी पाऊच कापून जोडणं. पहिलीच छपाई असेल तर वीस दिवस धरा. त्यामुळे उलट मोजणी अशी बसते: दिवस ४२ ला मजकूर गोठवायचा, दिवस ३८ ला प्रूफवर सही, दिवस १८ ला पाऊच हातात, दिवस १७ ला सीलिंगची चाचणी. रोज ६० किलो, म्हणजे ३०० पाकिटं धरली तर ३,००० ला कामाचे दहा दिवस लागतात. दोन सुट्ट्या धरून दिवस १६ ते दिवस ५ उत्पादनात जातात. शेवटचे चार दिवस वाटपाला.

यात मोकळा दिवस जवळजवळ नाही, हे नीट पाहून घ्या. प्रूफला चार दिवस उशीर झाला तर उत्पादन दिवस १ ला संपतं आणि वाटपाचे चारही दिवस गेले.

रोजची तपासणी संध्याकाळी ६ वाजता, दहा मिनिटांची. "झालं" आणि "चालू आहे" ही दोन उत्तरं चालवून घेऊ नयेत. दिवस २४ ला छापखाना "काम चालू आहे" म्हणाला तर विचारा: छपाई झाली का, लॅमिनेशन झालं का, रोल विश्रांतीला ठेवलाय का, की पाऊच जोडताहेत? यातला टप्पा कळला की उरलेले दिवस आपोआप मोजता येतात. रोल अजून छपाईलाच असेल तर दिवस १८ ची आशा त्याच संध्याकाळी तपासायला घ्यावी, दिवस १९ ला नव्हे.

आता एक चूक दोन्ही पद्धतींत चालवून पाहू. चटणीच्या पाऊचला लाल रंग शोभतो, म्हणून बारकोडच्या रेघाही लाल छापायचा मोह होतो. दुकानातले बरेच स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात आणि त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. कोड वाचला जात नाही. प्रूफच्या दिवशी किराणा दुकानातल्या स्कॅनरवर कागद धरून पाहिला असता तर ही चूक सिलिंडर कोरण्याआधीच सापडली असती, आणि पांढऱ्या चौकोनात काळ्या रेघा घेऊन काम भागलं असतं.

समजा ती दिवस १८ ला, तयार पाऊचवर सापडली. तारीख पक्की असलेला माणूस काळ्या बारकोडचे स्टिकर छापून घेईल. तासाला २५० धरले तर ३,००० ला बारा तास, म्हणजे दोन माणसांचा एक दिवस. हे रिकाम्या पाऊचवर उत्पादनाबरोबर चालू शकतं, तारीख हलत नाही. टप्पे मानणारा मात्र नियमाप्रमाणे थांबेल आणि कदाचित विनाकारण पुन्हा छपाई करेल. इथे पहिली पद्धत सरस ठरते.

पण चूक वजनात, घटकांच्या यादीत किंवा "यात शेंगदाणे आहेत" या ॲलर्जीच्या सूचनेत असेल तर गोष्ट उलटते. कायद्याने बंधनकारक असलेला मजकूर स्टिकर लावून दुरुस्त करण्याची पळवाट धरू नका. किंमत कमी करण्यापुरती सवलत आहे, तीही छापील किंमत न झाकता. अशा चुकीत थांबणं हाच मार्ग, मग गड्डा जवळ असो वा नसो. म्हणून दिवस ३८ ची सही एकट्याची नको. एकाने मजकूर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने परवान्याचे १४ अंक एकेक करून जुळवावेत, तिसऱ्याने किंमत आणि प्रति ग्रॅम दर हिशेबाने तपासावा.

घाईचा दुसरा फटका उत्पादनात बसतो. भाजलेले शेंगदाणे पुरते गार न होता कांडप यंत्रात गेले आणि चटणी कोमट असतानाच पाकीटबंद झाली, तर आतली वाफ थेंब धरते. लसणाचा ओलावा त्यात मिसळला की वास बदलतो, पुढे बुरशी. आदल्या दिवशीचं एक पाकीट सकाळी कापून आतला भाग बोटाने पाहा. शिवाय तेलकट भुकटी सीलच्या जागी लागली की जोड वरून पक्का दिसतो, पण गळतो. नरसाळं लांब घ्या, आणि दर तासाला पाच पाकिटं पाण्याखाली दाबून दहा सेकंद धरा. बुडबुडा आला तर त्या तासाचा सगळा माल बाजूला. पक्क्या तारखेच्या ताणात हाच तास लपवला जातो, म्हणून नाकारलेल्या पाकिटांचा आकडा संध्याकाळच्या वहीत वेगळा लिहा.

टप्प्यांच्या पद्धतीत पहिल्या दिवसाची ३०० पाकिटं तीन दिवस ठेवून मगच पुढची भरतात, आणि २,१०० तयार झाल्यावर तारीख सांगतात. दुकानांसाठी हे फार चांगलं, कारण पहिल्याच खेपेत तेल सुटलेलं पाकीट गेलं तर दुकानदार दुसऱ्यांदा फळीवर जागा देत नाही. मात्र प्रत्येक टप्प्याला कमाल दिवस लिहून ठेवावे लागतात, नाहीतर वेळापत्रक सैल पडतं.

आमचं मत असं: फक्त दुकानांत विकायचं असेल तर टप्पे. गड्ड्यासाठी तारीख पक्की, पण दिवस ३८ आणि दिवस १७ ही दोन दारं कुलूप लावून. आणि त्यासोबत दिवस ४२ लाच पर्याय तयार ठेवा: ३,००० साधी तयार पाऊचं आणि संपूर्ण मजकुराचं वेगळं छापील लेबल, फाइल मंजूर करून. दिवस १७ च्या संध्याकाळी छापील पाऊच आलेली नसतील तर त्याच रात्री लेबल छापायला द्या. तीन दिवसांत ती येतात आणि उत्पादन दिवस १३ ला सुरू होतं. पूर्ण ३,००० चा हट्ट धरला तर दिवस २ पर्यंत भरणं चालेल. त्याऐवजी २,४०० वर थांबा. आठ कामाचे दिवस आणि दोन सुट्ट्या धरून भरणं दिवस ४ ला संपतं, आणि वाटपाला तीन पूर्ण दिवस मिळतात.