ध्यानाचं पेड ॲप: वर्षभर वापरलं, भाच्याच्या खात्यातून सोडवताना काय काय करावं लागलं

ॲपबद्दल आधी. रात्री झोपेसाठीची ऑडिओ सत्रं खरोखर चांगली आहेत, दहा मिनिटांच्या आत डोळा लागायचा. सकाळची सत्रं मात्र सगळी एकाच चालीची, दोन-तीन महिन्यांत कंटाळा आला. "आज तुम्ही ध्यान केलं नाहीत" अशी नोटिफिकेशन्स तर सासूबाईंनाही लाजवतील. म्हणून वर्ष भरत आलं तेव्हा बंद करायचं ठरवलं.

वार्षिक प्लॅन भाच्याने वाढदिवसाला भेट दिलेला. त्याने माझ्या अँड्रॉइड फोनवर स्वतःचं गुगल खातं टाकून, स्वतःच्या यूपीआय ऑटोपेवर तो घेतला. ॲपमध्ये लॉगिन मात्र माझ्या ईमेलचं. खरी गुंतागुंत इथेच आहे: ॲप मला ओळखतं, प्ले स्टोअर पैसे देणाऱ्याला. मी माझ्या खात्यातून 'सबस्क्रिप्शन्स' उघडलं तर यादी रिकामी! याचा अर्थ प्लॅन संपलाय असा नाही, आपण चुकीच्या खात्यात बघतोय असा आहे. कोणत्या खात्यातून घेतलंय ते कळत नसेल, तर घरातल्या सगळ्यांच्या जीमेलमध्ये `GPA` शोधा. प्ले स्टोअरच्या पावतीचा ऑर्डर क्रमांक याच अक्षरांनी सुरू होतो.

आमच्याकडे पावती भाच्याच्या मेलमध्ये निघाली. पैसे कापण्याआधीची बँकेची सूचनाही त्यालाच येणार, मला नाही. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या फोटोवर टॅप करून त्याचं खातं निवडलं, मग पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये ॲप दिसलं आणि रद्द करता आलं. तुमचा भाचा परगावी असेल, तर तो त्याच्या फोनवरून हेच करू शकतो, तुमचा फोन लागत नाही. रद्द झाल्याचा मेल त्याला आला आणि त्या पानावर नूतनीकरणाच्या तारखेऐवजी प्लॅन संपण्याची तारीख दिसू लागली. भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप चालूच राहिलं.

"मावशी, नुसतं ॲप उडव ना," असं तो म्हणत होता. नाही चालत. ॲप काढलं, ॲपमधलं खातं डिलीट केलं किंवा फोनवरून त्याचं गुगल खातं हटवलं, तरी सबस्क्रिप्शन आपलं चालूच. उलट त्याचं खातं आधी हटवलं असतं, तर माझ्या फोनवरून रद्द करायची सोयच गेली असती. म्हणून आधी सबस्क्रिप्शन रद्द, मग ॲपच्या सेटिंगमधून माझं खातं आणि झोपेच्या नोंदी डिलीट, मग ॲप, आणि शेवटी त्याचं गुगल खातं.

ॲपला तीन तारे. खातं डिलीट करायचा पर्याय 'मदत'च्या तीन पानं आत लपवलाय, त्याचा एक तारा कापला. दुसरा त्या नोटिफिकेशन्सचा.