‘डॉक्टरांची मुलाखत’ वाचून मागवलेला शुगरचा डबा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं प्रकरण आहे. नावगाव सांगत नाही, कारण असेच डबे आसपासच्या बऱ्याच घरांत फडताळावर सापडतील. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. सात-आठ वर्षांपासून शुगर, गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळायच्या. कापसाची वेचणी चालू होती. मुलाच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहताना मध्येच एक बातमी आली: नामांकित डॉक्टरांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत शुगरचं मूळ कारण सांगितलं आणि औषध कंपन्या खवळल्या. वर ओळखीच्या वाहिनीसारखा लोगो, खाली प्रश्नोत्तरं. ‘डॉक्टर, तुम्हाला धमक्या येतात का?’ हा प्रश्न अशा मुलाखतीत हमखास असतो. एकदा ‘धमक्या येतात’ असं वाचलं, की दवाखान्यातला डॉक्टर ‘असं औषध नाही’ म्हणाला तरी तोच कंपन्यांचा माणूस वाटायला लागतो.

पान खोटं आहे हे ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. वरच्या लोगोवर बोट ठेवा. खऱ्या बातमीच्या पानावर त्या वाहिनीचं मुखपृष्ठ उघडतं. इथे ‘क्रीडा’ दाबा, ‘हवामान’ दाबा, खालच्या कॉमेंटमधल्या माणसाचं नाव दाबा, प्रत्येक वेळी तुम्ही त्याच ऑर्डरच्या फॉर्मवर येता. कॉमेंट म्हणजे नुसता लिहून ठेवलेला मजकूर असतो, तिथे तुमची कॉमेंट टाकायला गेलात तर जागाच नसते. फेसबुकच्या आत उघडलेल्या पानाचा पत्ता नीट दिसत नाही, म्हणून कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून पान क्रोममध्ये उघडा आणि वरचा पूर्ण पत्ता वाचा. लोगो वाहिनीचा असतो, पत्ता भलत्याच नावाचा.

अजून एक गंमत करून पाहता येते. बातमीची तारीख नेहमी ‘आज’ची असते आणि ‘फक्त आजच सवलत’ असते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये तारीख आपोआप घेणं बंद करा, दहा दिवस मागची तारीख टाका आणि पान पुन्हा उघडा. बऱ्याच पानांवर बातमीही दहा दिवस मागे जाते, कारण ती तारीख छापलेली नसते, तुमच्याच फोनच्या घड्याळातून उचललेली असते. काही पानं तारीख दुसरीकडून घेतात, तिथे ही युक्ती चालणार नाही. पाहून झालं की तारीख पूर्ववत करा, नाहीतर बँकेचं अॅप अडतं.

फॉर्ममध्ये फक्त नाव आणि मोबाइल नंबर मागितला होता. पैसे नाही, कार्ड नाही. त्यामुळेच घरच्यांना त्यात धोका दिसला नाही. पण पान बनवणाऱ्याला डबा विकायचाच नसतो, त्याला नंबर विकायचा असतो. फोनवर ऑर्डर पक्की झाली की त्याला त्याची दलाली मिळते. फोन करणारे वेगळे, पार्सल पाठवणारे तिसरेच. तक्रार झाली की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तासाभरात फोन आला. ‘काकू, डॉक्टरसाहेबांच्या ऑफिसातून बोलतो.’ वय विचारलं, शुगर किती ते विचारलं, मग आकडा ऐकून काळजीचा सूर. पानावर एका डब्याचे 990 रुपये होते. फोनवर त्याचा चार डब्यांचा कोर्स झाला, 3,960 रुपये, घरपोच आल्यावर द्यायचे. बाईंनी एवढंच विचारलं, ‘गोळ्या चालू ठेवू का जी?’ उत्तर फार बेतलेलं होतं: पहिले दहा दिवस चालू ठेवा, मग बंद करा.

त्या दहा दिवसांतच सगळा खेळ आहे. डब्यासोबत एक कागद आला होता: साखरेचा चहा बंद, भात बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत, रोज अर्धा तास चालणं. गोळ्या चालू, वर हे पथ्य, म्हणजे शुगर उतरणारच. उपाशीपोटी 180च्या आसपास असलेली 150वर आली आणि श्रेय डब्याला गेलं. मग गोळ्या सुटल्या. गोळीचा असर काही दिवसांत ओसरतो, पण शुगर चढताना लगेच जाणवत नाही. रात्री चार-पाच वेळा उठणं आणि सतत तहान लागायला लागली, तेव्हा फोनवरचा माणूस म्हणाला, शरीरातलं विष बाहेर पडतंय, आता दुसऱ्या टप्प्याचा कोर्स घ्या. पाचव्या आठवड्यात पऱ्हाटीचा खुंट तळपायात घुसला. जखम भरेना म्हणून आशाताईंनी केंद्रात नेलं, तर शुगर 340. पाय वाचला, पण बरेच दिवस इन्सुलिन आणि रोजची मलमपट्टी लागली.

डबा हातात घेऊन वाचला असता तर बरंच कळलं असतं. पुढच्या बाजूला मधुमेहाचं चित्र, मागे बारीक अक्षरात ‘हे औषध नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि चौदा आकडी एफएसएसएआय नंबर. तो नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा असतो. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर औषध बनवण्याच्या परवान्याचा नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता लागतो. चौदा आकडी नंबर खरा की उचललेला, ते `foscos.fssai.gov.in` वर टाकून दिसतं. खरा निघाला तरी त्याने शुगर बरी होते हे सिद्ध होत नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, मग आत काहीही असो.

गुडघेदुखीच्या डब्यांचं वेगळं. दोन दिवसांत दुखणं पार गेलं तर खूश होऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने शुगर वाढते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम सोडलं तरी जिवावर बेतू शकतं. डबा घेऊनच डॉक्टरकडे जा.

पार्सल दारात आलं असेल आणि पैसे दिले नसतील, तर घेऊ नका. ‘नाकारले’ असा शेरा पोस्टमनकडून मारून घ्या. मग फोन येतो, ‘ऑर्डर रेकॉर्ड आहे, कोर्टाची नोटीस पाठवू.’ असल्या नोटिशीला घाबरून पैसे देऊ नका. पैसे रोख देऊन झाले असतील तर ते परत मिळणं अवघड, हे स्पष्टच सांगतो. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर खात्यातून किंवा यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी आहे, आणि तो लागतो पुढच्या फेरीत. काही महिन्यांनी त्याच मोबाइलवर कोणी ‘ग्राहक न्यायालयातून’ बोलतो, तुमचे 3,960 परत आलेत म्हणतो आणि आधी प्रोसेसिंग फी किंवा ओटीपी मागतो. नंबरांची यादी विकली गेलेली असते. ओटीपी गेला, पैसे कटले, तर तासभरही न थांबता 1930ला फोन करा.

श्रीमंतीच्या बातम्यांचा साचाही हाच, फक्त डॉक्टरच्या जागी उद्योगपती. नारायण मूर्तींना डिसेंबर 2023 मध्ये स्वतः जाहीर सांगावं लागलं की आपल्या नावाने फिरणाऱ्या ट्रेडिंग अॅपच्या मुलाखती बनावट आहेत.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करा, पण नुसती लिंक देऊन भागत नाही. ही पानं माणूस पाहून रूप बदलतात. जाहिरातीवरून मोबाइलवर आलात तर मुलाखत दिसते. तीच लिंक साहेबांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडली तर एखादी पाककृती किंवा कोरं पान दिसतं, आणि तक्रार तिथेच संपते. म्हणून पान समोर असतानाच वरून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा, पत्ता दिसेल असं. सोबत डबा, आतला पथ्याचा कागद, पाठवणाऱ्याच्या पत्त्याचं पार्सलवरचं लेबल आणि फोन आलेले नंबर तारखेसह द्या. डबा संपला असेल तरी धुऊन त्यात हळद-तिखट भरू नका. तळाशी उरलेली पूड तपासणीला लागू शकते.