दुकानाच्या काचेतला मुका व्हिडिओ: दसरा ते जून, आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

अमळनेरला माझं चष्म्याचं छोटं दुकान आहे. तोंड पश्चिमेला, समोर रुंद रस्ता आणि पलीकडच्या कडेला चहाची टपरी. दसऱ्याच्या आधी काचेमागे 43 इंची साधा घरगुती टीव्ही बसवला, मागे पेनड्राइव्ह खोचला आणि आवाज नसलेला व्हिडिओ दिवसभर फिरत ठेवला. टीव्ही कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण त्याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो अक्षरांनी.

पहिला व्हिडिओ एका ओळखीच्या डिझायनरकडून करून घेतला. फिरणारी फ्रेम, चमचमणारे तारे, खालून सरकत जाणारी पट्टी, त्यात पत्ता, फोन, ऑफर, सगळं. दुकानात बसून बघताना मलाही तो छान वाटला. पंधरा दिवसांनी एक आबा आत आले नि म्हणाले, "भाऊ, ते काचमा काय लिखेल शे? माले ते नुस्तं धव्वं दिखस." म्हणजे त्यांना नुसता पांढरा उजेड दिसत होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ज्यांना नीट दिसत नाही तेच माझे गिऱ्हाईक, आणि पाटी मी चांगली नजर असलेल्यांसाठी लावून बसलो होतो.

खरं तर हे गणित मी रोज भिंतीवर टांगून बसतो. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी 1862 साली नजर तपासायचा तक्ता काढला. त्यात 6/6 च्या ओळीतलं अक्षर 6 मीटरवरून वाचायचं असतं आणि त्याची उंची असते जेमतेम 9 मिलिमीटर. म्हणजे चांगल्या नजरेला मीटरमागे साधारण दीड मिलिमीटर अक्षर लागतं. टपरी माझ्या काचेपासून 24 मीटर भरली, मी टेप लावून मोजली. तिथून चांगल्या नजरेला 35 मिलिमीटरचं अक्षर कसंबसं वाचता येईल. पण ज्याची नजर 6/18 आहे त्याला तिप्पट हवं, म्हणजे साडेदहा सेंटीमीटर. मी 11 धरले. डिझायनरच्या व्हिडिओतली सरकती पट्टी मोजली तर अक्षर 2 सेंटीमीटरही नव्हतं.

आता 43 इंची पडद्याची रुंदी 95 सेंटीमीटर, उंची साडेत्रेपन्न. अकरा सेंटीमीटरचं अक्षर म्हटलं की वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा सोडून एक ओळ सहज वीस सेंटीमीटर खाते. दोन ओळी बसतात, तिसरी बसत नाही. रोमन अक्षरांचं हिशेब करून बनवलेले तयार साचे मराठीला इथेच फसतात, कारण ते वर-खाली जागा ठेवत नाहीत आणि उकार नाहीतर रफार कापला जातो. त्यामुळे मला एका पानावर दोन-तीन शब्दच परवडतात. शेवटी चार पानं ठरली: "डोळे / तपासणी", "चष्मा / 1 तासात", "नंबर / बदलला?" आणि "वाचायचा / चष्मा". फोन नंबर काढून टाकला. माणूस दुकानासमोरच उभा असताना त्याला फोन नंबर कशाला?

अक्षराची उंची मोजताना फॉन्टच्या आकड्यावर जाऊ नका. 200 आकार दिला म्हणजे अक्षर 200 पिक्सेलचं होत नाही. त्या आकड्यात मात्रांची जागाही धरलेली असते, शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंग त्याहून बरंच कमी भरतं. माझ्या पडद्यावर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर, तेव्हा 11 सेंटीमीटरसाठी अंगच 220 पिक्सेल हवं. मी सरळ टीव्हीवर पट्टी लावून मोजलं आणि बसेपर्यंत आकार वाढवत गेलो.

फॉन्ट मुक्ता घेतला, फुकट मिळतो आणि त्यात सात जाडी आहेत. आधी हौसेने सगळ्यात जाड निवडला. टपरीवरून बघतो तर "चष्मा"चा झाला "चप्मा". ष च्या पोटातली तिरपी रेघ जाडीत बुजून गेली होती. तक्त्यावरच्या अक्षरात रेघेची जाडी उंचीच्या पाचव्या भागाइतकी असते, पण ते रोमन अक्षरांचं. आपल्या ष, क्ष, ळ यांच्या पोटात तेवढी मोकळी जागा नसते. दोन पायऱ्या कमी जाडी घेतली तेव्हा ष पुन्हा ष दिसला.

पारख कशी केली तेही सांगतो. नंबर तपासताना भिंगं बदलून बघायच्या ट्रायल फ्रेममध्ये प्लस एकचं भिंग लावलं, तक्त्यावर माझी नजर 6/18 च्या ओळीवर अडकते ना ते बघितलं आणि तसाच धुकट नजरेने टपरीवर जाऊन उभा राहिलो. टपरीवाल्याला वाटलं भाऊला मोतीबिंदू झाला. तुमच्याकडे भिंगं नसतील तर पान कागदावर 2.4 सेंटीमीटर रुंद छापा आणि 2 फुटांवरून बघा. 24 मीटरवरून माझा टीव्ही डोळ्याला तेवढाच दिसतो. तिथे वाचता आलं नाही तर रस्त्यावरून येणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मोटारसायकलवाला ताशी 30 किलोमीटरने गेला तरी सेकंदाला आठ मीटर कापतो. माझी काच त्याच्या नजरेत राहते जास्तीत जास्त 25 मीटर, म्हणजे तीन सेकंद. तो कुठल्या पानावर येईल ते आपल्या हातात नाही. म्हणून एका पानावर सुरू झालेलं वाक्य दुसऱ्यावर संपवायचं नाही, प्रत्येक पान एकटं वाचलं तरी अर्थ लागला पाहिजे. चार पानं, प्रत्येकी चार सेकंद, पानामागून पान खटकन बदलतं. आधी एक पान विरघळत दुसरं यायचं, त्यात दोन्ही पानांची अक्षरं एकमेकांत मिसळून प्रत्येक वेळी सेकंदभर वाया जायचा. सरकती पट्टी तर कायमची बंद. हालचालीकडे नजर जाते हे खरं, पण पान बदलताना जो उजेड हलतो तेवढा त्याला पुरतो.

बनवायची पद्धत अशी. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. त्यामुळे व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करायचंच सोडलं. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये पानं केली आणि एकेक पान 1920 बाय 1080 चं चित्र म्हणून काढून `1.png` ते `4.png` अशी नावं दिली. अक्षरं चित्रात गोठली की मग ती फुटायचा प्रश्न नाही. पुढचं काम भाच्याने ffmpeg नावाच्या, कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवलं:

```
ffmpeg -framerate 1/4 -i %d.png -vf "fps=25,format=yuv420p" -c:v libx264 -an khidki.mp4
ffmpeg -stream_loop 224 -i khidki.mp4 -c copy din.mp4
```

`-an` म्हणजे आवाजाचा पट्टाच नाही. `format=yuv420p` आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो. लॅपटॉपवर फाइल मस्त चालली आणि टीव्ही म्हणाला फाइल चालत नाही. चित्रांपासून केलेल्या व्हिडिओत रंगांची माहिती जास्त बारकाईने साठवली जाते, ती बऱ्याच टीव्हींना उलगडता येत नाही. लॅपटॉपवर चालतं आणि टीव्हीवर नाही, असं झालं की आधी हेच तपासा.

दुसरी ओळ 16 सेकंदांचा तुकडा 225 वेळा जोडून तासाभराची फाइल करते. त्याचं कारण टीव्ही. पेनड्राइव्हवर रिपीट लावलं तरी फाइल संपून पुन्हा सुरू होताना माझा टीव्ही दीड-दोन सेकंद काळा होतो आणि वर फाइलचं नाव दाखवतो. 16 सेकंदांची फाइल असताना दर पाव मिनिटाला हा खेळ चालायचा, रस्त्यावरून दुकान बंद-चालू झाल्यासारखं दिसायचं. आता तासातून एकदा होतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. फाइल तासाभराची असली तरी चित्रं हलत नसल्याने फार मोठी होत नाही. आणि हो, चार तास रिमोटला हात लागला नाही तर आपोआप बंद व्हायची सोय सेटिंगमध्ये असते, ती बंद करा. मला हे कळायला आठवडा लागला, रोज दुपारी बघतो तर पडदा झोपलेला.

रंगांचं सगळ्यात उशिरा कळलं. सगळे सांगतात काळ्यावर पिवळं ठसठशीत दिसतं. रात्री दिसतंच. दिवसा मात्र काळा पडदा काचेमागे आरशासारखा होतो, अक्षरांवर समोरची टपरी, रिक्षा, स्वतः बघणारा माणूस, सगळं उमटतं. उलट पिवळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवली की प्रतिबिंब फिकं पडतं. पण तीच फाइल अंधारात डोळ्यावर येते, उजेड अक्षरांच्या कडा खातो. म्हणून दोन फाइली: `din.mp4` आणि `ratra.mp4`. दिवेलागणीला रिमोटने बदलतो.

मध्ये टीव्ही उभा करून बघितला, उंच पाटीसारखा. रुंदी साडेत्रेपन्नच उरली, "तपासणी" कशीबशी बसली. आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघतो तर पडदा काळा ठिक्कर! आडवा असताना त्याच गॉगलमधून व्यवस्थित दिसत होता. हे पॅनेलवर अवलंबून असतं, पण गॉगल विकणाऱ्यानेच असा टीव्ही लावायचा म्हणजे हसंच. परत आडवा केला.

आता तक्रारीचा भाग. खान्देशचा उन्हाळा. एप्रिलच्या शेवटी, दुपारी साडेचारला, ऊन थेट काचेवर असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काळा डाग उमटला आणि बघता बघता वहीच्या पानाएवढा झाला. मला वाटलं पॅनेल गेलं. बंद केला, रात्री आठला लावला तर डाग गायब. उन्हाने पडदा एका मर्यादेपलीकडे तापला की आतल्या द्रव स्फटिकांची रचना बिघडते आणि तेवढा भाग काळा पडतो, थंड झाला की पुन्हा जागेवर येतो. पण रोज असं होऊ देणं बरं नाही. टीव्हीच्या पुस्तिकेत 40 अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलं आहे आणि आमच्याकडे बाहेरच 44-45 असतात, बंद काचेआड तर विचारूच नका. वॉरंटी कार्डावर फक्त घरगुती वापरासाठी असंही बारीक अक्षरात आहे. ते मी भिंगाखाली धरून वाचलं, घेतल्यानंतर.

तेव्हापासून टीव्ही काचेपासून दीड फूट आत सरकवला, मागची प्लायवूडची पाठ काढून दुकानाकडे मोकळं केलं आणि वर छोटा एक्झॉस्ट बसवला. दीड फुटाने अक्षरांच्या गणितात काही फरक पडत नाही. डाग पुन्हा आला नाही. पण मेमध्ये दुपारी साडेतीन ते सहा मी टीव्ही बंदच ठेवला, कारण तसाही त्या उन्हापुढे घरगुती टीव्हीचा उजेड पुरत नाही. तेवढ्या वेळेपुरती पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली, पिवळ्यावर काळं, अक्षर बारा सेंटीमीटर. साडेतीन वाजले की ती टीव्हीपुढे टेकवतो आणि ऊन उतरलं की काढून ठेवतो.