दोन रंगांत ग्राफ रंगवताना: बीएफएस, डीएफएस की डीएसयू?

एखाद्या ग्राफचे बिंदू दोन गटांत असे वाटता येतात का, की प्रत्येक कड एका गटातून दुसऱ्या गटातच जाईल? येत असतील तर ग्राफ बायपार्टाइट. हे तपासण्याचे तीन रस्ते सर्रास वापरात आहेत. पहिला बीएफएस, म्हणजे एका बिंदूपासून थराथराने पसरत रंग देणं. दुसरा डीएफएस, म्हणजे एकच वाट धरून खोल जात रंग देणं. तिसरा डीएसयू, म्हणजे बिंदूंचे संच जोडत जाणं आणि प्रत्येक बिंदूशेजारी तो सम की विषम हा एक बिट ठेवणं.

वेगावरून निवड करू नका. `n` बिंदू आणि `m` कडा असतील तर पहिल्या दोघांना `O(n + m)` वेळ लागतो आणि डीएसयूला त्याहून नावापुरता जास्त. बघायच्या गोष्टी दोनच. उत्तर 'नाही' आलं तर पुरावा म्हणून हातात काय पडतं? आणि कडा सगळ्या एकदम मिळतात, की एकेक करून येत राहतात?

पुराव्याचं आधी. 'हो' म्हणायचं तर रंगवलेला ग्राफच दाखवता येतो. कोणीही प्रत्येक कड बघून खात्री करून घेईल. 'नाही'चा पुरावा म्हणजे विषम चक्र, ज्यात कडांची संख्या विषम आहे असं चक्र. अशा चक्रावर लाल, निळा, लाल, निळा करत निघालात तर परत येताना पहिल्या बिंदूला स्वतःच्याच विरुद्ध रंग मिळायला हवा, आणि ते अशक्य आहे. उलट बाजूही खरी आहे: विषम चक्र नसेल तर दोन रंग पुरतातच. त्याची सिद्धता वेगळी पाठ करावी लागत नाही, कारण रंगवण्याची रीत अडते तेव्हा ती स्वतःच विषम चक्र काढून देते. कसं, ते एका छोट्या ग्राफवर बघू.

सात बिंदू, आठ कडा. कडा या क्रमाने लिहिल्या आहेत: १–२, २–३, ३–४, ४–१, ४–५, ५–६, ६–७, ७–३. १-२-३-४ हा चौकोन आहे आणि त्याच्या ३–४ या बाजूला ३-४-५-६-७ हा पंचकोन चिकटलेला आहे. चौकोनाने काही बिघडत नाही, पंचकोनाने बिघडतं.

बीएफएस १ पासून सुरू करू. थर शून्यात १. थर एकमध्ये २ आणि ४. थर दोनमध्ये ३ (२ मधून आलेला) आणि ५ (४ मधून आलेला). थर तीनमध्ये ७ आणि ६. सम थर लाल, विषम थर निळे. आता ७ चे शेजारी बघताना ६ सापडतो, त्याच थरातला आणि त्याच रंगाचा. इथे रंगवणं अडलं. बीएफएसमध्ये कड एकाच थरात असते किंवा लगतच्या दोन थरांत असते, तिसरी शक्यता नसते. म्हणून भांडण होतं ते नेहमी एकाच थरातल्या दोन बिंदूंमध्ये. दोघांपासून पालकांच्या वाटेने वर चढत राहा, वाटा जिथे मिळतील तिथे थांबा. दोन्ही वाटांची लांबी सारखीच, समजा `k`. मधली भांडखोर कड धरून चक्राची लांबी `2k + 1`, म्हणजे विषमच. आपल्या ग्राफमध्ये ७, ३, २, १ ही एक वाट आणि ६, ५, ४, १ ही दुसरी. चक्र सात कडांचं.

पण पाच कडांचं चक्र समोर असताना सातचं का मिळालं? कारण ३ हा बिंदू २ कडून आधी सापडला आणि पालकांच्या वाटांत ३–४ ही कड आलीच नाही. 'बीएफएस सर्वांत लहान विषम चक्र देतो' असं पुष्कळ जण धरून चालतात, आणि ते चूक आहे. एका बिंदूपासून सुरू केलेला बीएफएस फक्त एक विषम चक्र देण्याची हमी देतो. हाच बीएफएस ३ पासून सुरू केला तर ५ आणि ६ दुसऱ्या थरात एकत्र येतात, त्यांचे पालक ४ आणि ७, त्यांचा पालक ३, आणि पाचचं चक्र मिळतं. सर्वांत लहान विषम चक्रच हवं असेल तर प्रत्येक बिंदूपासून बीएफएस चालवून, पहिल्या भांडणावर न थांबता, सर्वांत लहान `2k + 1` ठेवा. त्याला `O(nm)` वेळ लागतो.

आता डीएफएस, शेजारी चढत्या क्रमाने घेऊन. १, २, ३, ४ असं खोल जाताना ४ वरून १ दिसतो. खोली तीन आणि शून्य, रंग वेगळे, ठीक. पुढे ५, ६, ७. ७ ची खोली सहा, त्याला शेजारी ३ दिसतो, खोली दोन. दोन्ही सम, भांडण. डीएफएसमध्ये अशी कड नेहमी आपल्याच पूर्वजाकडे जाते, त्यामुळे चक्र शोधायला दोन बाजूंनी चढावं लागत नाही: ७ पासून पालक धरत ३ पर्यंत या, झालं. लांबी खोल्यांचा फरक अधिक एक, म्हणजे पाच. इथे डीएफएसला लहान चक्र मिळालं हा केवळ शेजाऱ्यांच्या क्रमाचा योगायोग आहे. मोठ्या ग्राफमध्ये डीएफएसच्या वाटा लांबच लांब होतात आणि चक्रही तसंच लांबलचक हाती येतं.

म्हणून कडा एकदम हातात असतील तर माझा कल स्पष्टपणे बीएफएसकडे आहे. सापडलेलं चक्र माणसाने वाचायचं असतं, आणि बीएफएसचं चक्र थरांच्या संख्येच्या दुपटीहून फार लांब जाऊ शकत नाही. दुसरं कारण साधं आहे. पुनरावर्तनाने लिहिलेला डीएफएस एका लांब साखळीवर कोसळतो. पायथनची मूळ मर्यादा १००० हाकांची आहे. दहा हजार बिंदूंची सरळ रेघ दिली की उत्तराऐवजी `RecursionError` येतो. छोट्या चाचण्यांत हे कधीच दिसत नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये डीएफएस दुसऱ्या कामासाठी आधीच चालू असेल, तर मात्र त्यातच रंगाची एक ओळ टाकणं शहाणपणाचं.

कडा एकेक करून येत असतील, आणि प्रत्येक कडेनंतर 'अजून चालतंय का?' हे सांगायचं असेल, तर चित्र पालटतं. दर वेळी नव्याने रंगवायला बसलात तर काम `m` पट होतं. इथे डीएसयूच हवा:

```python
def find(v):
    if par[v] == v:
        return v, 0
    r, p = find(par[v])
    par[v] = r
    bit[v] ^= p
    return r, bit[v]

def add(u, v):
    a, x = find(u)
    b, y = find(v)
    if a == b:
        return x != y
    par[a] = b
    bit[a] = x ^ y ^ 1
    return True
```

सुरुवातीला `par[v] = v` आणि `bit[v] = 0`. `bit` सांगतो की बिंदूचा रंग त्याच्या पालकासारखा (०) आहे की वेगळा (१). दोन संच जोडताना एका संचाचे सगळे रंग उलटावे लागले, तरी बदल मुळाच्या एका बिटात होतो. डीएसयूची सगळी ताकद यात आहे. चूकही इथेच होते. `bit[a] = 1` एवढंच लिहिलं, तर `u` आणि `v` दोघेही आपापल्या संचांचं मूळ असताना उत्तर बरोबर येतं आणि एरवी बिघडू शकतं. वाट आखूड करताना, म्हणजे `find` मध्ये बिंदू थेट मुळाला जोडताना, `bit[v] ^= p` राहून गेलं तरी तसंच. बिघाड पकडायचा तर यादृच्छिक छोटे ग्राफ घेऊन बीएफएसच्या उत्तराशी ताळा करा. वरचा कोड लहान ठेवण्यासाठी मी संचांचा आकार बघितलेला नाही. खऱ्या वापरात लहान संच मोठ्याखाली जोडा, म्हणजे `find` फार खोल जाणार नाही.

डीएसयूचा खरा तोटा पुराव्याचा आहे. त्याच्या आतलं झाड तुमच्या ग्राफच्या कडांचं नसतं, त्यामुळे `par` धरून वर चढलात तर चक्र मिळत नाही. ते हवं असेल तर ज्या कडांनी दोन संच जोडले तेवढ्या वेगळ्या साठवा. त्यांचं जंगल बनतं. भांडखोर कडेच्या दोन टोकांमधली त्या जंगलातली वाट शोधा, ती कड जोडा, विषम चक्र तयार.

आणि डीएसयू ज्या कडेला नकार देतो तिलाच दोषी ठरवू नका. आपल्या ग्राफमध्ये लिहिलेल्या क्रमाने कडा आल्या, तर आठवी कड ७–३ नाकारली जाते, आणि ती काढली की ग्राफ खरंच बायपार्टाइट होतो. आता त्याच कडा उलट्या क्रमाने घाला. सहावी कड ३–४ येते तेव्हा ३ आणि ४ आधीच ७, ६, ५ मधून चार कडांनी जोडलेले आहेत, रंग सारखे, म्हणून ३–४ नाकारली जाते. ती सोडून पुढे गेलात तर शेवटी १–२ सुद्धा नाकारली जाते, कारण ३–४ नसली तरी बाहेरचं सात कडांचं चक्र उरतंच. ग्राफ तोच, पण एका क्रमात एक कड गेली आणि दुसऱ्यात दोन. कमीत कमी किती कडा काढल्या की ग्राफ बायपार्टाइट होईल, हा प्रश्न तपासणीहून फार अवघड आहे. बिंदू दोन गटांत असे वाटायचे की गटांमधल्या कडा जास्तीत जास्त होतील, या महत्तम छेदाच्या समस्येचंच तो दुसरं रूप आहे, आणि ती रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली मांडलेल्या २१ अवघड समस्यांच्या यादीत आहे. कडांना वजनं नसली तरी ती सोपी होत नाही.

तिन्ही रीतींना लागू पडणाऱ्या दोन गोष्टी. ग्राफ तुकड्यांत असेल तर बीएफएस आणि डीएफएस प्रत्येक न रंगवलेल्या बिंदूपासून पुन्हा सुरू करावे लागतात. हे विसरलं की दुसऱ्या तुकड्यातलं विषम चक्र निसटतं आणि 'हो' असं खोटं उत्तर मिळतं. डीएसयूला ही काळजी नाही, कारण तो कडांवर चालतो. आणि बिंदूपासून त्याच बिंदूकडे जाणारी कड म्हणजे एका कडेचं विषम चक्र. ती दिसताच उत्तर 'नाही'. बीएफएसमध्ये 'पालकाकडे परत जाऊ नकोस' या अटीच्या नादात ती गाळली जाणार नाही, एवढं बघा. खरं तर इथे त्या अटीची गरजच नाही, पालकाचा रंग वेगळाच असतो.

कडा काढाव्याही लागत असतील, तर वर लिहिलेला डीएसयू उपयोगाचा नाही, कारण आखूड केलेल्या वाटा मागे फिरवता येत नाहीत. वाट आखूड करणं सोडून द्या, लहान संच मोठ्याखाली जोडा आणि प्रत्येक बदल एका स्टॅकवर लिहून ठेवा. मग शेवटचा बदल लगेच पुसता येतो आणि `find` ला `O(log n)` लागतो. पण पुसण्याचा क्रम घालण्याच्या बरोबर उलटाच असावा लागतो. मधलीच कड काढायची असेल आणि कुठली कड कधी येते-जाते हे आधीपासून माहीत असेल, तर त्या काळांवर सेगमेंट ट्री बांधून हाच डीएसयू त्यावर चालवतात. ते माहीत नसेल, आणि ग्राफ काही हजार बिंदूंचा असेल, तर प्रत्येक बदलानंतर सरळ बीएफएस पुन्हा चालवा.