डेडलॉक शोधायला एकच मोठा आलेख की फिरता प्रोब?

डेटाबेस अनेक साइट्सवर पसरलाय. व्यवहार एकमेकांकडच्या लॉकसाठी थांबून कायमचे अडकले, म्हणजे डेडलॉक झाला, तर तो शोधायला यातलं काय घ्यावं, असं एका सहकाऱ्यानं विचारलं.

कोणता व्यवहार कोणासाठी थांबलाय हे दाखवणारा सगळा वेट-फॉर आलेख एकाच साइटकडे, म्हणजे समन्वयकाकडे, ठेवणं लिहायला सोपं, पण अचूकतेत गोची होते. समजा, पहिल्या साइटवर 'क' हा व्यवहार 'ख'कडच्या लॉकसाठी थांबलाय. 'ख' ते लॉक सोडतो आणि दुसऱ्या साइटवर 'क'कडच्या लॉकसाठी थांबतो. दुसरीचा निरोप आधी पोचला, तर समन्वयकाला नसलेलं चक्र दिसतं आणि एक व्यवहार नाहक मारला जातो. (एकदा लॉक सोडलं की नवं घ्यायचं नाही, अशा दोन-टप्पी लॉकिंगमध्ये हा भास व्यवहार रद्द झाला तरच होतो.)

चँडी-मिश्रा-हास यांच्या १९८३ च्या पद्धतीत अडकलेला व्यवहार प्रोब, म्हणजे ज्याच्यासाठी थांबलाय त्याच्याकडे आणि तिथून पुढे जाणारा छोटा निरोप, सोडतो. तो फिरून त्याच्याकडेच आला, तर डेडलॉक. आलेख कुठेच जमवायचा नाही. मात्र दोघांनी एकाच वेळी प्रोब सोडले, तर दोघेही मरू शकतात, म्हणून बळी निवडायचा नियम आधीच ठरवा.

साइट्स दोन-तीनच असतील तर समन्वयक पुरतो. बऱ्याच असतील तर प्रोबच घ्या.